आवाज दुरून चालत येतो तेव्हा

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की आमच्या घरात दोन तट पडतात. अब्बा आणि खाला म्हणतात, पूर्वीची गोडी राहिली नाही. मुले म्हणतात, त्या गाण्यांत खरखर फार. अशा वेळी आम्ही दोन्ही पक्षांना एकच गाणे ऐकवतो: १९४९ च्या 'महल'मधले 'आएगा आनेवाला'. संगीत खेमचंद प्रकाश यांचे, आवाज विशीच्या आसपासच्या लता मंगेशकरांचा.

गाण्याच्या सुरुवातीला ठेका नाही. आवाज कुठून तरी लांबून येतो, जवळ जवळ येतो आणि मुखड्याला अगदी समोर उभा राहतो. हे कसे साधले ते लताबाईंनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी होता. त्या कोपऱ्यात उभ्या राहून गाऊ लागल्या, गातगातच एकेक पाऊल पुढे टाकत आल्या आणि मुखडा सुरू होताना मायक्रोफोनपाशी पोहोचल्या. चाल आणि ओळ यांचा मेळ बसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागले.

आता कान देऊन ऐका. लांबचा आवाज नुसता बारीक नसतो. गाणारा दूर असला की मायक्रोफोनला त्याच्या गळ्यापेक्षा भिंतींवरून परतलेला नादच जास्त मिळतो, म्हणून आवाज धूसर वाटतो. तो जवळ आला की खोली मागे पडते आणि गळा पुढे येतो. पुढच्या काळात हेच काम यंत्रावर होऊ लागले. गायिका एका जागी उभी राहून गाते आणि आवाज लहानमोठा करणे, त्याला कृत्रिम घुमारा देणे हे नंतर घडते. ध्वनिमुद्रक कसबी असेल तर फरक कळत नाही. घाई झाली असेल तर आवाज मोठा होतो, पण घुमारा होता तेवढाच राहतो. बाई जवळ आलेली वाटत नाही, रेडिओ मोठा केल्यासारखे वाटते.

कृष्णधवल काळात सगळेच असे एकदम होई. गायक आणि वादक एका वेळी गात-वाजवत, मायक्रोफोन मोजकेच, आणि आवाज थेट फिल्मवर उमटे. चुंबकीय फीत नंतर आली. कोणाचा आवाज किती, हे कोण कुठे बसला यावरून ठरे. व्हायोलिनवाले पुढे, कर्ण्याची वाद्ये मागे. शेवटच्या अंतऱ्यात एकाचा सूर चुकला तरी सगळे गाणे पहिल्यापासून. म्हणून तालमी लांबत.

वाद्यमेळाची घडणही यातूनच आली असे आम्हांला वाटते. १९४९ च्याच 'बरसात'पासून शंकर-जयकिशन यांनी व्हायोलिनचा मोठा ताफा वापरला. पुढे त्यांच्याकडे सबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे संयोजक स्वरलेखन करून प्रत्येक वादकाला त्याचा भाग लिहून देत. पण एवढा ताफा असूनही त्या काळच्या गाण्यांत गायक गाऊ लागला की बहुतेक वाद्ये मागे सरतात. ठेका उरतो, फार तर बासरीची एखादी ओळ. गायक थांबला की व्हायोलिन भरून येतात. सगळे एकाच पट्टीवर उमटत असताना वाद्यांनी शब्द झाकला, तर तो नंतर उघडता येत नसे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्रत्येक गटाला स्वतंत्र ट्रॅक मिळत गेला आणि गिटार, ड्रम, सिंथेसायझर हे गळ्याखाली सतत वाजत राहू लागले.

गाण्याची ढबही बदलली. शमशाद बेगम यांचा मोकळा, खणखणीत गळा वाद्यमेळाला पुरून उरे. तलत महमूद यांनी उलट केले. मायक्रोफोनच्या जवळ, हलक्या कापऱ्या स्वरात त्यांनी गझल अशी म्हटली की ती आपल्याच कानात सांगितल्यासारखी वाटे. तलफ्फुज तर असा, की खाला आजही मुलांना 'क़ाफ' आणि 'काफ' यांतला फरक त्यांच्याच गाण्यांवरून शिकवते. पुढे ओळ-ओळ वेगळी मुद्रित करून जोडता येऊ लागली. दम कुठे घ्यायचा याची चिंता त्यामुळे कमी झाली, आणि काही गाण्यांत श्वास ऐकूच येत नाही. सोय मोठी आहे, हे मान्य. आम्हांला मात्र तो श्वास हवा असतो.

जाता जाता एक युक्ती. जुन्या गाण्यावर बोटाने ताल धरा. अंतऱ्यात लय किंचित पुढे जाते, कारण तबलजी गायकाकडे पाहून वाजवतो आहे. यंत्राच्या टिकटिकीवर बांधलेल्या गाण्यात ती हलत नाही. 'झंकार बीट्स' म्हणून जुन्याच गाण्यांवर वरून ठोके चढवलेल्या कॅसेटी आमच्याकडे अजून आहेत. त्यांत नवा ठोका आपल्या जागी ठाम असतो आणि खालचा जुना तबला मध्येच त्याच्यापुढे जरासा निसटतो. आमच्या धाकट्याने तो निसटता तबला पहिल्याच खेपेस पकडला.