फुलवतीचं पुढे काय झालं?

कालची रात्र मी झोपलेच नाही आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. एका निकालाचं पुढचं आयुष्य कसं शोधायचं ते मला काल सापडलं. सकाळपासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे!

झालं असं की कौटुंबिक कायद्याच्या नोट्स काढायला बसले होते. समोर दोन वर्षं पुढे असलेल्या एका ताईच्या नोट्सची झेरॉक्स होती. अक्षर सुरेख, लाल शाईने अधोरेखित केलेलं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, कलम 6, मुलीचा सहदायाद म्हणून हक्क. त्याखाली ‘प्रकाश वि. फुलवती, सर्वोच्च न्यायालय, 2015’, आणि चौकटीत नियम: 9 सप्टेंबर 2005 रोजी मुलगीही हयात हवी आणि वडीलही हयात हवेत, तरच तिला मुलाबरोबरीचा वाटा. त्या तारखेला 2005 ची दुरुस्ती अमलात आली, म्हणून ती तारीख. मी ते जसंच्या तसं उतरवून घेणार होते. पण निकाल मुळातून एकदा वाचावा म्हणून इंडियन कानूनवर उघडला, आणि वरच्या बाजूला `Cited by` लिहिलेलं दिसलं. आजवर शंभरदा दिसलं असेल. काल पहिल्यांदा त्यावर टिचकी मारली.

त्यानंतरच्या ज्या ज्या निकालांनी फुलवतीचा उल्लेख केला, त्यांची भलीमोठी यादी समोर आली. चाळायला गेले तर नवं-जुनं सगळं एकत्र. मग शोधाच्या चौकटीत हे टाकलं:

```
phulavati overruled doctypes: supremecourt fromdate: 17-10-2015 sortby: mostrecent
```

प्रकाश हे नाव मुद्दाम गाळलं. प्रकाश हजारो निकालांत असतात, फुलवती एकच. शिवाय पक्षकारांची नावं प्रत्येक निकालपत्रात वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असतात, त्यामुळे दुर्मीळ शब्दच धरायचा. तारीख निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनची घेतली, कारण फुलवतीचा निकाल 16 ऑक्टोबर 2015 चा. आणि यादीत विनीता शर्मा वि. राकेश शर्मा दिसला, 11 ऑगस्ट 2020, तीन न्यायमूर्तींचं पीठ. माझ्या छातीत धस्स झालं. फुलवती दोन न्यायमूर्तींचा होता. आता तिघे काय म्हणाले?

तो निकाल प्रचंड लांब आहे. ब्राउझरमध्ये ‘phulavati’ शोधलं तर नाव जागोजागी. पहिल्याच ठिकाणी फुलवतीची बाजू उचलून धरलेली दिसली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग दोन परिच्छेद मागे जाऊन पाहिलं, तर तो वकिलांचा युक्तिवाद होता! न्यायालय आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतं आणि स्वतःचं मत पुष्कळ नंतर सांगतं. नाव सापडलं म्हणून तिथेच थांबायचं नाही, या परिच्छेदात कोण बोलतंय ते आधी बघायचं. न्यायालयाचा स्वतःचा आवाज मला शेवटी, जिथे संदर्भित प्रश्नांची उत्तरं दिली आहेत तिथे ऐकू आला: हक्क जन्माने मिळतो, म्हणून 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. आणि फुलवतीतली याच्या विरुद्ध जाणारी मतं ओव्हररूल.

‘विरुद्ध जाणारी मतं’ हे शब्द मी तीनदा वाचले. न्यायालयाने नावावर सरसकट काट मारली नाही, मतावर मारली. म्हणून नोट्समध्ये नुसतं ‘फुलवती रद्द’ लिहून भागत नाही. वडील हयात असण्याची अट गेली, असं लिहावं लागतं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटपाला हात लागत नाही, हे मात्र आजही खरं आहे, कारण ते खुद्द कलम 6 मध्येच लिहिलेलं आहे.

पण खरी गंमत मधल्या निकालात आहे, आणि त्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे. दानम्मा वि. अमर, 1 फेब्रुवारी 2018. पीठ पुन्हा दोघांचंच. या खटल्यात वडील 2001 मध्येच वारले होते. फुलवतीचा नियम लावला तर मुलींना सहदायाद म्हणून काहीच मिळायला नको. दानम्मामध्ये फुलवतीचा उतारा आहे, त्याच्याशी सहमतीही आहे. आणि शेवटी मुलींना वाटाही दिला आहे! वरवर पाहणारा याला ‘फॉलोड’ म्हणेल. शब्दांत अनुसरण, निकालात नेमकं उलट. फुलवतीवर भिस्त ठेवायची की नाही, हा इशारा 2018 मध्येच मिळाला होता. पण तो कुठल्याही शिक्क्यात दिसला नसता. दानम्मामधली मृत्यूची तारीख आणि शेवटचा हुकूम शेजारी शेजारी ठेवल्यावरच तो दिसतो. दोघांच्या पीठाला दुसऱ्या दोघांच्या पीठाचा निकाल ओव्हररूल करता येत नाही, म्हणून प्रश्न तिघांकडे गेला, आणि त्यांनी दानम्माही अंशतः ओव्हररूल केला, स्वतःच्या मताशी विसंगत असेल तेवढाच. पीठ केवढं होतं हे मी आता प्रत्येक निकालापुढे लिहिते. कोण कोणाला मोडू शकतं ते त्यावरून लगेच कळतं.

‘डिस्टिंग्विश्ड’ या शब्दाची मला आजवर भीती वाटायची. निकालाला काहीतरी डाग लागला, असं वाटायचं. तसं नाही! समजा, उद्या एखादी मुलगी विनीता शर्मा पुढे करून दावा लावते, पण घरचं वाटप 2003 मध्येच नोंदणीकृत दस्ताने झालेलं आहे. न्यायालय म्हणेल, त्या निकालातला नियम बरोबर आहे, पण इथली वस्तुस्थिती वेगळी. निकाल शाबूत राहतो, त्याची हद्द मात्र नेमकी कळते. परीक्षेत जी काल्पनिक प्रकरणं देतात ती बहुतेक याच हद्दीवरची असतात, म्हणून असे निकाल मी आता शोधून शोधून वाचणार.

पहाटे ताईला मेसेज टाकला. ती म्हणाली, “अगं, मी त्या नोट्स 2019 मध्ये काढल्यात.” म्हणजे तिने लिहिलं तेव्हा विनीता शर्मा यायचा होता! तिची चूक नव्हतीच. फक्त नोट्सवर तारीख नव्हती, आणि तारखेशिवाय ती चौकट कायमची खरी वाटत राहिली. आता माझ्या वहीत प्रत्येक निकालाच्या समासात कोणत्या दिवशी तपासला ते पेन्सिलने लिहिलेलं आहे. पेन्सिलने, कारण परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा तपासून ती तारीख बदलायची आहे.

फुलवतीची नोंद मी फाडली नाही. शेजारी दानम्मा, त्यापुढे विनीता शर्मा, मध्ये बाण. एका पानावर पाच वर्षांचा वाद उभा राहिला, आणि तिघांच्या पीठाकडे प्रश्न का गेला हे आता मला पाठ न करताही सांगता येतं.

हे लिहिता लिहिता पुढचं पान उघडलं आहे: वैशाली गणोरकर, मुंबई उच्च न्यायालय, 2012, खंडपीठ. ताईच्या अक्षरात पुन्हा लाल चौकट. शोध टाकला, तर 2014 मध्ये त्याच न्यायालयाचं पूर्णपीठ, बद्रीनारायण भंडारी. यातही ओव्हररूल! आता पूर्णपीठाचा शेवटचा भाग वाचायला घेते.