दुकानाची पाटी

2025 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शाबान चालू होता. मिरजेतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात अब्बांनी मला एका संध्याकाळी बोलावून घेतलं. म्हणाले, ''भाव वाढवायचाय. चार ओळी लिहून दे.'' मी कॉलेजात मराठी शिकवतो, तेव्हा हे काम माझंच. मी लिहिलं : 'वाढत्या महागाईमुळे नाइलाजास्तव दरवाढ करावी लागत आहे, तरी ग्राहकांनी सहकार्य करावे.' अब्बांनी वाचलं, कानावरची पेन्सिल काढली आणि काट मारली.

''महागाई तो सब लिखते, बेटा. अपना क्या बढ्या वो लिख.''

काय वाढलं, हे मलाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या दुकानाच्या पैशावर शिकलो, पण एका शर्टाचा हिशेब कधी विचारला नव्हता. अब्बांनी तो माप-वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. 2021 पासून शर्टाची शिलाई 350 रुपये. त्यातले 150 मशीनवर बसणाऱ्या चाचांचे. चाचा पगारावर नाहीत, नगावर काम करतात. काज-बटण, बकरम, दोरा मिळून 50. भाडं, वीज, मशीनची दुरुस्ती नगामागे आणखी 50. उरलेल्या 100 रुपयांत अब्बांचं माप घेणं, कापणं, ट्रायल आणि इस्त्री. आता चाचांना नगाला 170 द्यायचे होते. काज-बटण नि बकरमाचे 7 वाढले होते, भाड्या-विजेचे 3. बेरीज केली तर बरोबर तीस. अब्बांचे शंभर शंभरच राहिले.

''मग सरळ चारशे करा की,'' मी म्हणालो. सुट्ट्या पैशांची कटकटही नको.

''वो बीस किसके?'' त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

भाव न वाढवताही तीस रुपये वाचवता येतात, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. हलकं चिकटवायचं बकरम घातलं की कॉलर दुकानात कडक, देखणी दिसते, पण दोन-चार धुण्यांत तिच्यावर फोड येतात. सुती बकरम टिकतं, मात्र ते आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आक्रसून कॉलर चुरगळते. या भिजवण्या-वाळवण्यात वेळ जातो, आणि वेळेचे पैसे होतात. दुसरी वाट म्हणजे बाजूच्या शिवणीत आत कापड कमी सोडायचं. कापायला सोपं, तेवढा कपडाही वाचतो. पण माणूस जाड झाला की शर्ट उसवून सैल करायला जागाच राहत नाही. अब्बा शिवणीत बोटभर कापड ठेवतात. शर्ट उलटा करून पाहिला की कुणालाही ते दिसतं, फक्त उलटा करून पाहतं कोण!

अडचण होती ती वेळेची. तोंडावर रमजान. ईदच्या गर्दीत भाव वाढवला तर लोक म्हणणार, संधी साधली. आणि चाचांची वाढ ईदनंतर करावी, तर ऐन गर्दीत दुसरा दुकानदार त्यांना घेऊन जाणार. शेवटी ठरलं की चाचांना वाढ पहिल्या रोजापासून द्यायची, गिऱ्हाइकाला ईदनंतर. मधला महिना आपण सोसायचा. दरवर्षीच्या अंदाजानं 110 शर्ट, म्हणजे मजुरीचेच 2200 रुपये.

मी पुन्हा लिहायला बसलो. पाटीवर शेवटी हे आलं :

'ईदच्या दुसऱ्या दिवसापासून शर्टाची शिलाई 350 ऐवजी 380 रुपये राहील. यातले 20 रुपये कारागिराच्या मजुरीत वाढले आहेत, बाकीचे 10 बकरम, काज-बटण, भाडे व वीज यांत. ईदपर्यंत दिलेल्या कपड्याला जुनाच भाव. आमच्याकडे शिवलेला कपडा सैल किंवा घट्ट करण्याचे पैसे पूर्वीप्रमाणेच घेणार नाही. चार वर्षे एकाच भावात शिवले, ते आपण कपडा दुसरीकडे नेला नाहीत म्हणून. आभारी आहोत.'

शेवटच्या दोन वाक्यांवर मी जरा अडलो होतो. जाहिरातीसारखं वाटेल म्हणून काढू का, असं विचारलं. अब्बा म्हणाले, ''सच हैना? रहने दे.''

पाटी लागली आणि आम्ही दोघांनी न धरलेला हिशेब समोर आला. लोकांनी ती नीट वाचली. 'ईदपर्यंत दिलेल्या कपड्याला जुनाच भाव' ही ओळ तर फारच नीट. ज्यांना ईदला काही शिवायचं नव्हतं तेही कपाटातले कापडाचे तुकडे घेऊन आले. एका निवृत्त कारकुनांनी तीन आणले आणि म्हणाले, ''मास्तर, घाई नाही, मे महिन्यात दिले तरी चालतील.'' विसाव्या रोजानंतर ईदचं काम घेणं आम्ही दरवर्षी बंद करतो. यंदाही केलं. पण ईदनंतर न्यायच्या कपड्याला नाही म्हणायची सोय पाटीनं ठेवलीच नव्हती.

31 मार्चला ईद झाली. पावती-पुस्तकात जुन्या भावाचे 138 शर्ट निघाले. मी म्हणालो, यातले बरेचसे एप्रिल-मेमध्ये शिवले जाणार, चाचांना प्रत्येकाचे 170 द्यायचे, निदान त्यांच्याकडून तरी नवा भाव घ्या.

अब्बांनी चष्म्यावरून पाटीकडे पाहिलं. ''लिख्या किसने?'' म्हणाले, आणि कारकुनांचा पहिला तुकडा टेबलावर पसरून खडू हातात घेतला.