चाळीस सेकंदांची खरी नवरी

माझ्या धाकट्या नणंदेचं ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराईच्या तोंडावर एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही शाळेत मुलांना निबंध शिकवता. मला नवरीच्या मेकअपच्या रीलसाठी चार वाक्यं लिहून द्या ना!"

मी लगेच लिहिलं, 'सावळ्या नवरीचं झालं गोरंपान रूप!' आणि माझं मलाच कसंतरी झालं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा पांढुरका, राखेचा हात फिरवल्यासारखा दिसतो आणि मान नि हात आपले सावळे. "आई, ही तूच ना?" असं लेकीनं विचारलं होतं, ते अजून टोचतं.

"असं का गं झालं असेल?" मी विचारलं. ती म्हणाली, "फाउंडेशन दोन छटा उजळ लावलं असणार. त्यातला पांढरा रंग सावळ्या कातडीवर करडा दिसतो. वर बारीक पांढरी पावडर, आणि फोटोच्या फ्लॅशमध्ये ती आणखी चमकते."

म्हटलं, मग रीलमध्ये हेच दाखवू की! वाक्यं खोडली आणि आम्ही दोघींनी नव्यानं मांडणी केली.

तीन नवऱ्या घेतल्या: एक गोरी, एक गव्हाळ, एक चांगली सावळी. सावळीच्या आईला पटेना. "लेकीचा उघडा चेहरा साऱ्या गावाला दाखवायचा?" मुलगीच म्हणाली, "आई, तो मी रोज दाखवतेच की." तरी तिला आधी रील दाखवायची आणि ती हो म्हणाली तरच बाहेर सोडायची, असं ठरलं.

पहिली पाच सेकंदं खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, मेकअपशिवाय. फोनमधला सौंदर्याचा फिल्टर बंद. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की उजेड तिथेच कायम राहतो, नाहीतर फोन आपोआप सावळा चेहरा उजळ करतो. मेकअपनंतरचं चित्रणही त्याच खिडकीशी, तेवढ्याच अंतरावरून घ्यायचं. आधीचा फोटो अंधारात नि नंतरचा दिव्याखाली, ही तर शुद्ध फसवणूक!

पुढची दहा सेकंदं जबड्याच्या कडेवर. तिथं तीन छटांच्या तीन रेघा ओढायच्या आणि दहा मिनिटं थांबायचं, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात. जी रेघ मानेत मिसळून दिसेनाशी होते, ती तुमची. सावळ्या मुलीसाठी एकही बाटली जुळेना, तेव्हा नणंदेनं दोन छटा हातावर कालवून तिसरी केली. डोळ्यांखालच्या काळेपणावर आधी नारिंगी रंगाचा पातळ हात दिला. थेट उजळ कन्सीलर लावला असता, तर तिथंही राखच दिसली असती. आणखी एक गोष्ट, रंग जुळवायचा तो लग्नाच्या सकाळी पुन्हा जुळवायचा. आदल्या दिवशीच्या हळदीची पिवळट झाक कातडीवर उरलेली असते, आणि ट्रायलच्या दिवशीचा हिशेब चुकतो.

मग अंधाऱ्या कोपऱ्यात फ्लॅशचा एक फोटो. गालावर वा डोळ्यांखाली पांढरे डाग उमटले, तर जास्तीची पावडर तिथल्या तिथं झटकता येते. हॉलवर फोटोग्राफरनं दाखवल्यावर उपयोग नाही.

शेवटची दृश्यं होमानंतरची. धुरानं डोळे पाणावलेले, मुंडावळ्यांनी कपाळाच्या कडेचा रंग थोडा पुसलेला. नणंद म्हणाली, "हे कापूया ना वहिनी." मी म्हटलं, "अगं, हेच ठेव! चार तासांनी काय उरतं, तेच तर लोकांना बघायचंय."

आता पैशांचं. तिची तीन पॅकेजेस आहेत: चार हजार, नऊ हजार आणि अठरा हजार. आम्ही पडद्यावर प्रत्येक नवरीखाली तिची किंमत लिहिली आणि त्यात काय मिळतं तेही. चार हजारांत पार्लरमध्ये येऊन मेकअप, अंबाडा आणि साडी नेसवणं. नऊ हजारांत त्यावर एक ट्रायल आणि हॉलवर येणं. अठरा हजारांत दिवसभर सोबत आणि स्वागतसमारंभाचा दुसरा साज. चार हजारवाली कोण होती, ठाऊक आहे? तीच सावळी मुलगी. रंग जुळवणं तिन्हीत सारखंच होतं. पैसे वाढतात ते वेळेचे नि जाण्यायेण्याचे.

रील गेल्यावर एक बाई पार्लरमध्ये आल्या. म्हणाल्या, "मुलीला दोन छटा उजळ करा, जास्त पैसे देईन." नणंदेनं त्यांना हातात आरसा देऊन मुलीसह खिडकीपाशी बसवलं आणि मुलीच्या एका गालावर त्यांची छटा, दुसऱ्यावर आपली लावली. दहा मिनिटांनी मुलगीच म्हणाली, "आई, ही दुसरी. ही माझीच वाटते."

मी घरी आले आणि जुना अल्बम काढून लेकीला सगळं समजावून सांगितलं. ती फोटोकडे बघत म्हणाली, "आई, हात मात्र तुझेच आहेत."