वाचवणाऱ्याचंच बजेट का कापलं जातं?

एकाच कंपनीतले दोन विभाग घ्या. दोघांना वर्षाला प्रत्येकी २ कोटी ४० लाखांचं बजेट. एकानं ते पै न् पै संपवलं. दुसऱ्यानं तेवढंच काम करून १८ लाख वाचवले: कूलंट दोन ठिकाणी वाया जात होतं ते थांबवलं, बाहेर दुरुस्तीला जाणाऱ्या मोटारींचे दर नव्यानं ठरवून घेतले. पुढच्या वर्षाचा एओपी करताना फायनान्सनं सगळ्यांना एकच नियम लावला, यंदाच्या खर्चावर ८ टक्के वाढ. पहिल्याला २ कोटी ५९ लाख मिळाले. दुसऱ्याचा खर्च २ कोटी २२ लाख होता, त्यावर ८ टक्के धरले की पुन्हा जेमतेम २ कोटी ४० लाखच. म्हणजे महागाईची वाढ त्यानं स्वतःच्या बचतीतून भरली आणि शेजाऱ्याला ती कंपनीनं दिली. मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या बजेटांचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यात मला सगळ्यात जास्त सलत आलेली गोष्ट हीच. इथे कोणी लबाडी केलेली नसते, एक्सेलमधलं सूत्र बरोबर असतं, आणि तरीही प्रामाणिक माणूसच मार खातो. पुढच्या वर्षी तो काय करणार हे सांगायला नको. एओपी डिसेंबर-जानेवारीत ठरतो, तेव्हा हातात नऊ महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च आणि उरलेल्या तिमाहीचा अंदाज एवढंच असतं. अंदाज जेवढा मोठा, तेवढा पुढच्या वर्षाचा पाया मोठा, आणि तो खरा ठरवायला मार्चच्या आत परचेस ऑर्डरी काढाव्या लागतात. विभागाच्या बारा महिन्यांच्या ऑर्डरी ओळीनं मांडल्या तर हे लगेच दिसतं. उत्पादन सपाट असताना फेब्रुवारी-मार्चचे खांब इतर महिन्यांच्या दुप्पट असतील, आणि त्यात घेतलेली बेअरिंग आणि सील पुढच्या मार्चमध्येही स्टोअरच्या रॅकवर पॅकिंगसकट पडून असतील, तर त्या विभागाचा पाया फुगवलेला आहे.

यावर ठरलेला उपाय सुचवला जातो तो शून्याधारित बजेटचा. मागचा आकडा विसरा, प्रत्येक खर्च पहिल्यांदाच मागतो आहोत असं समजून मांडा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काम करणाऱ्या पीटर पायर यांनी १९७० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही पद्धत मांडली, आणि जिमी कार्टर यांनी ती आधी जॉर्जिया राज्यात आणि १९७७ नंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारात नेली. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यावर, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, राज्य सरकारचं ‘झिरो बजेट’ गाजलं होतं. पद्धत कागदावर सोपी आहे. विभागातल्या प्रत्येक कामाचा एक प्रस्ताव करायचा आणि त्यात तीन पातळ्या द्यायच्या: हे काम बंद केलं तर काय होईल, कमीत कमी किती पैशांत निभेल, आणि आजच्या पातळीवर ठेवायला किती लागतील. मग सगळे प्रस्ताव महत्त्वाच्या क्रमानं लावायचे आणि पैसे संपतात तिथे रेघ मारायची.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचा मेंटेनन्स विभाग उदाहरणादाखल घेऊ. पगार आणि वीज सोडून त्याचा खर्च तेच २ कोटी ४० लाख. टक्केवारीनं गेलं तर पुढच्या वर्षी २ कोटी ५९ लाख २० हजार, आणि काम पाच मिनिटांत संपतं. पण या २ कोटी ४० लाखांत काय काय आहे ते उघडून बघितलं, की त्यात यंदाच झालेलं एका कॉम्प्रेसरचं ९ लाखांचं ओव्हरहॉल सापडतं, जे पुढच्या वर्षी होणार नाही. दोन जुन्या मशीन भंगारात गेल्या तरी त्यांचं २ लाख ८० हजारांचं एएमसी वर्षभर चालू राहिलेलं असतं, कारण करार सगळ्या मशीनचा एकत्र होता आणि नूतनीकरण आपोआप झालं. तिसऱ्या पाळीसाठी घेतलेले सहा कंत्राटी फिटर, महिना २२ हजार दरानं वर्षाला १५ लाख ८४ हजार. ती पाळी आता बंद आहे. या तीन गोष्टी मिळून २७ लाख ६४ हजार होतात. त्या काढून उरलेल्या २ कोटी १२ लाखांवर तेच ८ टक्के धरले तर आकडा २ कोटी २९ लाखांवर येतो. फरक जवळपास ३० लाखांचा. आणि पायात नको ते जसं असतं, तसं हवं ते नसतंही. कूलिंग टॉवरचं मोठं काम तीन वर्षांतून एकदा येतं. ते यंदा नव्हतं, म्हणून टक्केवारीच्या बजेटात ते पुढच्या वर्षीही दिसणार नाही, आणि ऑगस्टमध्ये ७ लाखांची ‘अनपेक्षित’ मागणी वर जाईल. ती मिळवली तर खरा आकडा २ कोटी ३६ लाखांच्या आसपास येतो.

आतापर्यंत जे केलं, त्याला शून्याधारित म्हणणं मात्र बरोबर नाही. ही नुसती पाया साफ करण्याची कामगिरी झाली, आणि ती टक्केवारीच्या पद्धतीतही करता येते, करायलाच हवी. शून्याचा खरा उपयोग पुढच्या पायरीवर होतो. याच विभागात तीन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत असं धरू. दोन चालतात, एक राखीव. तिन्हींचं सुट्या भागांसकट एएमसी साडेसहा लाखांचं आहे. ही ओळ चालू आहे, मशीन चालू आहेत, बिल दर तिमाहीला येतं. पाया कितीही साफ केला तरी ही ओळ सुटते. पण ‘हे नसलं तर काय होईल’ असं विचारलं की उत्तर येतं, कॉम्प्रेसर अचानक बंद पडला तर लाइन थांबेल. त्यासाठी तर राखीव मशीन घेतलं होतं! एकाच जोखमीसाठी कंपनी दोनदा पैसे मोजते आहे. चालण्याच्या तासांप्रमाणे फिल्टर आणि तेल बदलण्याचा साधा सर्व्हिस करार ४ लाखांत होत असेल, तर वरचे अडीच लाख म्हणजे मुख्यतः एअर-एंड खराब होण्याचा विमा. मशीन नवी असतील तर तो सोडता येईल. खूप तास चाललेली असतील, तर कदाचित राखीव मशीनपेक्षा तोच ठेवावा. हा निर्णय फायनान्सला घेता येत नाही आणि मेंटेनन्सवाल्याला एकट्यानं घ्यायचा नसतो. शून्याधारित पद्धतीचं मोल मला इथे वाटतं, या दोघांना एका ओळीवर समोरासमोर बसवण्यात.

मग दर वर्षी, प्रत्येक ओळीवर हे का करू नये? पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. जॉर्जियात असे प्रस्ताव दहा हजारांच्या आसपास गेले. कोणताही गव्हर्नर ते वाचू शकत नाही. त्याहून बोलका पुरावा कार्टर यांच्या आधीचा आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं सगळ्या शाखांना शून्यापासून बजेट मांडायला लावलं होतं. एरॉन विल्डाव्स्की आणि त्यांचे सहकारी आर्थर हॅमन यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा प्रचंड कागद आणि अगदी किरकोळ बदल एवढंच हाती लागलं. कारण उघड आहे. बहुतेक खर्च कायद्यानं, करारानं किंवा आधीच्या निर्णयांनी बांधलेला असतो. आपल्या मेंटेनन्स विभागातही प्रेशर व्हेसल आणि क्रेनची तपासणी कायद्यानं सक्तीची आहे. तिचा ‘बंद केलं तर’ हा रकाना भरण्यात काही अर्थ नाही. माझ्या मते अशा विभागात एकूण खर्चाच्या पाव-तृतीयांशावरच खरा पर्याय असतो. दर वर्षी त्यातल्या चार-पाच मोठ्या ओळी शून्यापासून तपासाव्यात, बाकीच्या साफ केलेल्या पायावर टक्केवारीनं न्याव्यात, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या ओळींचा नंबर लावावा.

दुसरा आक्षेप व्यवस्थापकांच्या वागण्याचा. क्रम लावायला सांगितला की हुशार माणूस आवडीची कामं वर ठेवतो आणि जे कापताच येणार नाही ते मुद्दाम तळाशी टाकतो, म्हणजे रेघ खाली सरकवावीच लागते. हे पकडणं अवघड नाही. सक्तीची तपासणी क्रमवारीच्या शेवटच्या पानावर दिसली की समजावं. ती आधीच वेगळी काढून मंजूर करावी आणि क्रम फक्त उरलेल्याचा मागावा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो यशस्वी झालेल्या शून्याधारित बजेटवर आहे. क्राफ्ट हाइन्झ या कंपनीत थ्रीजी कॅपिटलनं ही पद्धत फार कठोरपणे राबवली आणि नफ्याचं प्रमाण वाढवून दाखवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच कंपनीला क्राफ्ट आणि ऑस्कर मायर या ब्रँडांसह आपल्या मत्तेचं मूल्य १५.४ अब्ज डॉलरनी कमी दाखवावं लागलं. त्याला कारणं अनेक होती, ग्राहकांची बदलती आवडही त्यात होती, पण ब्रँडवर पुरेसा खर्च केला नाही ही टीका टाळता येत नाही. मेंटेनन्समध्येही तेच होतं. ‘कमीत कमी किती’ या पातळीची निवड एका वर्षी बरोबर असू शकते, सलग चार वर्षं ती घेतली की बिल पाचव्या वर्षी येतं, आणि तोवर ती निवडणारा माणूस दुसऱ्या प्लांटला गेलेला असतो. म्हणून कमी पातळी स्वीकारली की त्याच पानावर तिची मुदत लिहावी आणि एक मोजमाप ठेवावं: ब्रेकडाउनचे तास, किंवा नियोजित कामांपैकी किती पुढे ढकलली गेली. ढकललेली कामं तिमाहीगणिक वाढत असतील, तर बजेटात दिसणारी बचत ही बचत नव्हे, उधारी आहे.

एवढं मान्य केल्यावर सुरुवातीच्या अन्यायाकडे पाहिलं तर मला माझंच म्हणणं बदलावं लागतं. शून्याधारित पद्धत त्या वाचवणाऱ्या विभागाला न्याय देईल असं मला पूर्वी वाटायचं. ती देत नाही. त्यानं कॉम्प्रेसरचे अडीच लाख स्वतः शोधून मांडले, तर तेही कापले जातात आणि पुढच्या वर्षी तो ते मांडत नाही. पाया टक्केवारीचा असो की शून्याचा, सापडलेल्या पैशांवर पहिला हक्क वरच्यांचा असेल तर खालचे लोक ते सापडू देणार नाहीत. त्या १८ लाखांची आधी फोड करायला हवी. दर कमी झाल्यानं किती, काम पुढे ढकलल्यानं किती, आणि खरोखर पद्धत सुधारल्यानं किती? ढकललेलं काम पुढच्या बजेटात परत आलं पाहिजे, दराचा फायदा कंपनीचा, आणि सुधारणेतला किमान अर्धा वाटा दोन वर्षं विभागाकडेच राहिला पाहिजे, त्याच्याच पडून असलेल्या प्रस्तावांसाठी. यानं शिस्त मोडते, पैसा कंपनीचा आहे, विभागाचा नव्हे, असं फायनान्स प्रमुख म्हणतात. पैसा कंपनीचा आहे हे खरंच. पण सुधारणेचे ८ लाख निघाले आणि त्यातले ४ विभागाला दिले, तरी ४ कंपनीला मिळतात. आजच्या नियमानं पहिल्या वर्षी आठही मिळतात, आणि त्यानंतर मार्चच्या ऑर्डरी.