ओळंबा, मी आणि ६:४० ची लोकल

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करते : मला फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये ए.टी.के.टी. लागली. ज्या प्रश्नाने घात केला तो अगदी दोन ओळींचा होता. आगगाडी सरळ रुळांवर ६ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने निघाली आहे, डब्याच्या छताला दोरीने एक गोळा टांगलाय, तर दोरी उभ्या रेषेशी किती कोन करेल? असा प्रश्न आयुष्यात चुकू नये. माझा चुकला.

चुकला कसा, ते सांगते, कारण हीच चूक आमच्या विंगमधल्या आणखी चौघींनी केली होती. गोळा तिरका लटकलेला काढला आणि हात आपोआप चालला. वजनाचे दोन भाग केले, त्यातला दोरीच्या दिशेचा भाग म्हणजे दोरीतला ताण, म्हणून T = mg cosθ. झुलत्या लंबकासाठी बारावीत हे इतकं गिरवलंय की झोपेतही लिहिता येईल. मग आडव्या दिशेला T sinθ = ma. दोन्ही एकत्र केले की sinθ cosθ = a/g, म्हणजे sin2θ = 1.22. कॅल्क्युलेटर म्हणाला Math ERROR. माणसाने इथे थांबायला हवं होतं. साइन एकापेक्षा मोठा होत नाही हे केजीतलं पोर नाही तरी अकरावीतलं पोर सांगेल. मी मात्र कॅल्क्युलेटरची बॅटरी उतरली असावी असं समजून अंदाजे ३७ अंश ठोकून दिले.

री-एक्झामला तीन आठवडे उरले तेव्हा पुस्तकातलं उत्तर tanθ = a/g पाठ केलं. पण पटेना. तेव्हा ठरवलं, आपल्या खडकी स्टेशनवरून रोज लोणावळा लोकल जाते, तिलाच विचारू.

आता गोळा कुठला? मी कॉन्व्हेंटची. शाळेत 'पेंड्युलम' आणि 'प्लंब लाइन' शिकले; मराठीत याला काय म्हणतात हे कधी कानावर आलंच नव्हतं. हॉस्टेलच्या मागे नव्या भिंतीचं काम चाललंय. तिथल्या गवंडीकाकांकडे जाऊन हातवारे करत म्हटलं, "काका, ते दोरीला लोखंडी टोकदार असतं ना..." ते हसले. "ओळंबा म्हन की पोरी." रविवारी काम बंद असतं म्हणून एका दिवसासाठी दिला, आणि वर विचारलं, "गाडीत? चालत्या गाडीत ओळंबा लावून भिंत बांधशील तर पडंल ती." हे वाक्य मी पुढे दिवसभर चघळलं.

रविवारची सकाळ, ६:४० ची गाडी, डबा जवळजवळ रिकामा. मी आणि माझी रूममेट. सामानाच्या रॅकला दोरी बांधली, रॅकपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत बरोबर ६० सेंटिमीटर. खाली गाडीच्या लांबीच्या दिशेने पुठ्ठ्याला चिकटवलेली पट्टी. गाडी उभी असताना ओळंबा जिथे होता तिथे शून्याची खूण केली. हे महत्त्वाचं, कारण डबा स्टेशनात थोडा कललेला असला तरी त्याची चूक शून्यातच वजा होते. समोरच्या मावशी म्हणाल्या, "दृष्ट काढताय का गं गाडीची?"

गाडी सुटली आणि पहिला धडा मिळाला. ओळंबा मागे गेला, पण कुठे थांबेचना! साडेपाच-सहा सेंटिमीटर मागे, परत जवळजवळ शून्यावर, पुन्हा मागे. एक फेरी दीड सेकंदाची. पुस्तकातल्या चित्रात गोळा शहाण्यासारखा तिरका उभा असतो, कारण तिथे गाडी केव्हापासून धावतेय हे कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात त्वरण अचानक सुरू होतं, समतोलाची जागा क्षणात मागे सरकते, आणि गोळा तिथे पोचेपर्यंत वेग घेऊन पलीकडे निघून जातो. म्हणून टोकाचा आकडा घ्यायचा नाही, दोन टोकांच्या मधला घ्यायचा. आमची टोकं ५.६ आणि ०.८. मधली जागा ३.२ सेंटिमीटर.

आता ३.२ भागिले ६० म्हणजे साधारण ०.०५३. इतक्या लहान कोनाला साइन आणि टॅनमध्ये फरक पडत नाही, म्हणून कोन ३ अंश आणि त्वरण ९.८ गुणिले ०.०५३, म्हणजे ०.५२. पडताळा म्हणून रूममेटने फोनवर गाडीचा वेग पाहिला : सुटल्यापासून १७ सेकंदांनी ताशी ३० किलोमीटर. ८.३ भागिले १७, म्हणजे ०.४९. दापोडीच्या अलीकडे मुळेचा पूल येईपर्यंत आम्ही दोघी डब्यात टाळ्या देत होतो. (मावशींनी जागा बदलली.)

तीन अंश. पेपरातल्या गाडीचा कोन येतो साडेएकतीस! तशा गाडीत उभं राहणाऱ्याची दयाच येईल.

पुढच्या स्टेशनात रूमचं कुलूप तेवढ्याच दोरीने शेजारी टांगलं. वजन ओळंब्याच्या निम्मंही नसेल, पण दोघे एकाच कोनात झुकले. वस्तुमान दोन्ही बाजूंनी छाटलं जातं, ते असं. आणि माझी बाटली! अर्धी भरलेली होती, त्यातलं पाणीही तिरकं झालं होतं; पाण्याची पातळी दोरीला काटकोनात. गवंडीकाकांचं वाक्य तेव्हा सुटलं. गाडी वेग घेत असेपर्यंत आतल्या वस्तूंसाठी 'खाली' म्हणजे दोरीची दिशाच. तोवर त्या ओळंब्याने बांधलेली भिंत टिकेल. वेग स्थिर झाला की पडेल.

माझी मूळ चूकही तिथेच कळली. दोरीच्या दिशेने बलं जुळवता येतात, पण त्या दिशेला त्वरण नसेल तरच. झुलता लंबक टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा त्याचं त्वरण दोरीला काटकोनात असतं, म्हणून तिथे T = mg cosθ बरोबर. गाडीत त्वरण आडवं आहे आणि त्याचा एक भाग दोरीच्या दिशेनेही येतो. त्वरण नसलेली दिशा उभी. म्हणून T cosθ = mg, म्हणजे ताण वजनापेक्षा जास्त. मी तो कमी लिहिला होता.

ब्रेक लागला की सगळं उलट, ओळंबा पुढे. गाडी पूर्ण थांबली त्या क्षणी तो सटकन मागे आला आणि शून्य ओलांडून पलीकडे गेला. गाडी थांबताना उभी माणसं शेवटी मागे का हेलकावतात, तेही हेच. इतकी वर्षं धक्के खाल्ले, कारण आज कळलं.

एक गोष्ट मात्र ओळंबा सांगू शकत नाही. गाडी चढावर एकसारख्या वेगाने चालली असली तरी डब्याच्या मानाने तो मागेच झुकलेला दिसतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. तिथे आमच्या पट्टीवर १.६ सेंटिमीटर दिसले असते आणि आम्ही बिनधास्त ०.२६ त्वरण लिहून मोकळ्या झालो असतो. आमची लोकल लोणावळ्यालाच संपते, म्हणून वाचलो.

री-एक्झामला गाडी आलीच नाही. लिफ्ट आली! वर जाणारी लिफ्ट, टांगलेला गोळा, कोन विचारलेला. शून्य लिहिला, ताण m(g + a) लिहिला, आणि यावेळी बॅटरीला दोष दिला नाही. सुटले.

ओळंबा सोमवारी परत केला. काकांनी दोरीची गाठ तपासली, भिंतीला लावला, एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, "मग, पडली का भिंत?"