दहा दिवसांची सवड कोणाची?

बांधकामाचे वेळापत्रक आखताना मी आधी तारखा लिहीत नाही. आधी विचारतो, हे काम कशानंतर? त्या उत्तरांचे बाण जोडत गेले की नेटवर्क उभे राहते. त्यातली सर्वांत लांब वाट हाच क्रिटिकल पाथ. 1957 च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ही रीत संगणकासाठी बसवली. छोट्या कामाला मात्र कागद-पेन्सिल पुरते.

एक पंपघर घेऊ. पायाला 20 दिवस, भिंतींपासून स्लॅबचे सेंट्रिंग उतरेपर्यंत 30. पंपाची ऑर्डर पहिल्याच दिवशी दिली, तरी तो कारखान्यातून यायला 60 दिवस. स्लॅब आणि पंप दोन्ही तयार झाले की बसवणीला 10 आणि चाचणीला 5. पुढे मोजत गेलो तर काम 75 दिवसांचे, आणि लांब वाट पंपाची. आता शेवटाकडून उलट मोजू. स्लॅब 50व्या दिवशी तयार होतो, पण तो लागणार 60व्या दिवशी. म्हणून पायाच्या रकान्यात फ्लोट 10 आणि स्लॅबच्या रकान्यातही 10.

घात होतो तो या दोन रकान्यांमुळे. पायाचा ठेकेदार आपले 10 वाचतो, स्लॅबचा आपले. खरे तर ते 10 दिवस एकच आहेत, त्या सबंध वाटेचे. पहिल्याने 8 दिवस जास्त घेतले आणि दुसऱ्याने 6, तर दोघेही आपापल्या कागदावर बिनचूक. स्लॅब मात्र 64व्या दिवशी तयार होतो, पंप 4 दिवस आवारात पडून राहतो आणि काम 79 दिवसांवर जाते. पायाची ‘मोकळी’ सवड, म्हणजे पुढच्या कामाला धक्का न लावता वापरता येणारी, मुळात शून्यच होती. एकूण फ्लोटच्या आकड्यात ते दिसत नाही. म्हणून ठेकेदाराला नुसता फ्लोटचा रकाना देऊ नये, त्याची सबंध वाट दाखवावी, असे माझे ठाम मत आहे.

ही गळती वेळेवर पकडता येते. दर पंधरवड्याला झालेले काम भरून नेटवर्क पुन्हा मोजायचे आणि फ्लोट मागच्या वेळेशी ताडून पाहायचा. पाया 28व्या दिवशी संपला की स्लॅबचा फ्लोट 10 वरून 2 वर आलेला दिसतो. स्लॅबवाल्याशी बोलायचे ते त्याच दिवशी.

तोही क्षण हुकला आणि स्लॅब 64व्या दिवसाकडे सरकू लागला, तर क्रिटिकल पाथ बदललेला असतो. आता तो पाया-स्लॅबवरून जातो. साइटवर मात्र सवयीने पंपाच्या कारखान्यालाच फोन चालू राहतात. जादा माणसे हवीत स्लॅबवर, आणि तीही 4 दिवस वाचतील एवढीच. पाचवा दिवस वाचवायला पैसे ओतले तर हाती काही येत नाही, कारण पंप 60व्या दिवसाआधी येणारच नसतो.