बोलता आलं पाहिजे

माझी आई त्रेसष्टाव्या वर्षी पळायला लागली. पळायला म्हणजे शर्यतीत नव्हे. पुण्यात आमच्या सोसायटीच्या आसपासचे पंधरा-वीस जण सकाळी सहाला तळजाईवर जातात, त्यांच्यात ती गेल्या पाडव्यानंतर जायला लागली. शेजारच्या काकूंनी तिला जवळजवळ ओढूनच नेलं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं तिची धाव भाजीवाला आणि देवळापुढे गेली नव्हती. चपला सोडून बूट घालायचे म्हणून ती आठवडाभर कुरकुरत होती.

या मंडळींची पद्धत सोपी आहे. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे एक सर त्यांना चालवतात. आधी दहा मिनिटं साधं चालणं. मग शिट्टी झाली की एक मिनिट हळू पळायचं, पुन्हा शिट्टी झाली की दोन मिनिटं चालायचं. असे आठ फेरे, म्हणजे चोवीस मिनिटं. शेवटी पुन्हा दहा मिनिटं चालणं. पळणं आणि चालणं असं आलटून पालटून करायची ही पद्धत जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने लोकप्रिय केली. दमून थांबायच्या आधीच चालायला लागायचं, म्हणजे पायांना आणि श्वासाला उसंत मिळते, एवढंच तिच्यामागचं तत्त्व आहे.

मी तेव्हा बंगळुरूला होते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि माझ्या धंद्यातल्या लोकांना एक खोड असते: एखादी गोष्ट आवडली की ती मोजायची. जूनमध्ये आईच्या वाढदिवसाला मी तिला नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं आणि त्यातले आकडे माझ्या फोनवर दिसतील अशी सोय केली. तिला मुलीने काहीतरी महाग पाठवल्याचा आनंद झाला. मला रोज सकाळी चहाबरोबर आईचा आलेख दिसायला लागला.

आलेख मला आवडला नाही. घड्याळं साधारण २२० वजा वय हा हिशेब धरतात. आईसाठी तो १५७. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे अंदाजे १०० ते १२० ठोके. आई पळतानाही ९५-९६ च्या पुढे जात नव्हती. शिवाय दर फेऱ्यात मिनिट संपायच्या कितीतरी आधी तिची पावलं मंदावत. मी निष्कर्ष काढला की ती काकूंशी गप्पा मारत रमतगमत जाते. रविवारी फोनवर मी म्हणाले, "आई, जातेच आहेस तर जरा जोर लाव ना. घड्याळात हिरवी पट्टी येईपर्यंत पळायचं."

आईने जोर लावला. चार दिवसांनी काकूंचा फोन आला. तिला चढावर गरगरलं होतं आणि ती कठड्यावर बसून राहिली होती. सरांनी तिला विचारलेला पहिला प्रश्न मी कधीच विचारला नव्हता: "रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

रक्तदाबासाठी आई सहा वर्षं मेटोप्रोलॉल घेते. ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी. पळायला लागल्यावर शरीरात जे ॲड्रेनलिन सुटतं, त्याचा निरोप हृदयापर्यंत पूर्ण पोचू न देणं हेच तिचं काम. त्यामुळे बसल्या जागीही नाडी कमी असते आणि कष्ट केले तरी ती वयाच्या मानाने चढत नाही. घड्याळाला हे कुठून कळणार? ते ज्याला आळस समजत होतं, तो गोळीचा परिणाम होता. ९६ ठोक्यांना आई तेवढेच कष्ट करत होती, जेवढे गोळी न घेणारी बाई कदाचित १२० ला करेल. मी तिला हिरव्या पट्टीत ढकलत होते, म्हणजे प्रत्यक्षात फार पुढे ढकलत होते. बरं, २२० वजा वय हे सूत्रच ढोबळ. त्याच वयाच्या निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. हे मला वाचायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मी घड्याळ मागवण्याआधी काढली नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला, गोळी तशीच चालू ठेवायला सांगितली आणि नाडीकडे बघूच नका म्हणाले. सरांनी तिला दुसरं माप दिलं. पळताना सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर व्यायाम हलका होतो आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर फार होतो आहे. आईने यासाठी रामरक्षा निवडली, कारण ती तिला झोपेतही पाठ आहे. एका श्वासात अर्धा श्लोक गेला की ठीक, मधेच तुटला की चालायचं. माझ्या महागड्या घड्याळापेक्षा हे माप बरोबर निघालं.

पण आलेखातली दुसरी गोष्ट सुटली नव्हती. गरगरणं थांबलं, श्वास जमला, तरी ती विसाव्या सेकंदाच्या आसपास पळणं सोडतच होती.

दिवाळीत घरी आल्यावर मी तिच्याबरोबर तळजाईवर गेले. छान गार हवा होती, झाडीतून मोर ओरडत होते. शिट्टी झाली. आई माझ्या शेजारी पळत होती, बोलत होती, श्वास अगदी बरा होता. आणि विसाव्या सेकंदाला ती चालायला लागली. "दमलीस?" "नाही गं." पुढच्या फेऱ्यातही तेच. मग मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. निघण्यापूर्वी ती दोनदा बाथरूमला जाऊन आली होती. सकाळचा चहा घेतला नव्हता. मी पुढे केलेली पाण्याची बाटली तिने तशीच परत दिली. आणि रोज काळीच सलवार.

मी तिथे काही विचारलं नाही. घरी आल्यावर ती मटार सोलत होती, मी समोर बसले आणि सरळ विचारलं. ती बराच वेळ शेंगांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पळताना होते गं थोडी. कपड्यात."

"कधीपासून?"

"तुझ्या वेळेपासूनच. शिंकले की, खोकले की. आता जरा जास्त. बायकांचं असतंच ते."

माझं वय अठ्ठावीस. म्हणजे अठ्ठावीस वर्षं. मला एकदम आठवलं की आई कधी उभी राहून खळखळून हसत नाही. हसू आलं की ती आधी खाली बसते, पायावर पाय घेते आणि मग हसते. आम्ही घरात तिची नक्कल करायचो. ती तिची लकब आहे असं मी समजत होते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि आतडं तिच्यावर तोललेली असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडू शकते. चालताना पाय टेकला की जमिनीकडून जवळपास आपल्या वजनाइतका दणका बसतो, पळताना तो दुपटी-तिपटीपर्यंत जातो. खोकताना, हसताना, पळताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि त्या क्षणी झोळी आवळली गेली नाही तर थेंब सुटतो. पहिले काही सेकंद स्नायू धरून ठेवतात, मग थकतात. आईचे वीस सेकंद तेच होते.

तिने स्वतःपुरता काढलेला उपाय म्हणजे रात्रीपासून पाणी न पिणं. तोच उलटा पडत होता. लघवी दाट झाली की मूत्राशयाला जास्त टोचते आणि घाई जास्त होते. रक्तदाबाची गोळी घेऊन, उपाशीपोटी, पाण्याविना चढावर जोर लावला, तर गरगरण्यातही त्याचा वाटा असणारच.

आम्ही आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. जळजळ, लघवीतून रक्त किंवा खाली काही उतरल्यासारखं जड वाटणं, यातलं काही असेल तर आधी त्याचा उपचार करावा लागतो. तसं नव्हतं. त्यांनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्यांच्याकडे कळलं की आई हा व्यायाम मासिकात वाचून पूर्वी करत असे, पण चुकीचा. ती श्वास रोखून पोट आणि मांड्या आवळत होती, आणि त्याने खालच्या स्नायूंवर उलट दाबच येत होता. बाईंनी सांगितलं: वारा आणि लघवी दोन्ही रोखतोय असं समजून आतून वर ओढा, श्वास चालू ठेवा, आणि सोडताना पूर्ण सोडा. सुरुवातीला तिला तीन आकड्यांपर्यंतच धरता येई. हळूहळू दहापर्यंत न्यायचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा. शिंक येतेय असं वाटलं की तिच्या आधी आवळायचं. लघवी करता करता मधेच रोखून सराव करायचा नाही. आणि तीन महिने होईपर्यंत गुण आला नाही म्हणून सोडायचं नाही.

तीन आठवड्यांनी आई वैतागलीच. काहीच फरक नव्हता. तोवर सरांनी तिचे फेरे बदलले: डांबरी रस्त्याऐवजी मातीची वाट, एक मिनिटाऐवजी पंधरा सेकंद पळणं, म्हणजे स्नायू थकायच्या आधीच थांबणं. सरांना कारण आईने सांगितलं नव्हतं, काकूंनी सांगितलं. काकूंना आईने सांगितलं होतं, आणि ऐकून काकू म्हणाल्या होत्या, "म्हणजे तूसुद्धा?" त्या आठवड्यात आणखी दोघी बोलल्या. त्यातली एक वर्षभर नुसतं चालत होती आणि गुडघा दुखतो म्हणून सांगत होती. आता सगळे चढ सुरू व्हायच्या आधी एकीच्या तळमजल्यावरच्या घरापाशी जमतात. त्या घराचं दार सहाला उघडं असतं. त्याचं कारण कुणी विचारत नाही, पण पुरुषही पाच मिनिटं मुकाट थांबतात.

फेब्रुवारीच्या शेवटी आई चाळीस सेकंद पळत होती. पूर्ण बरं झालेलं नाही. सर्दी झाली की अजून पॅड लावते, आणि उतारावर पळत नाही. बाई म्हणाल्या की काहींना व्यायामाने पूर्ण थांबतं, काहींना कमी होतं, आणि कुणाला पुढे शस्त्रक्रिया लागते.

घड्याळ ती अजून घालते, वेळ बघायला. फोनवरचा आलेख मी बंद केला. हल्ली मी रविवारी फोन करून विचारते, "रामरक्षा कुठे तुटली?" परवा व्हिडिओवर काकूंची काहीतरी गंमत सांगताना तिला हसू आवरेना. ओट्यापाशी उभी होती. क्षणभर थांबली, मनातल्या मनात आवळलं असणार, आणि मग उभ्या उभ्या हसली.